लायसिनचा पीआय 9.74 कसा ठरतो: पीकेएच्या हिशेबामागची पार्श्वभूमी

प्रथिनांवरचा निव्वळ विद्युतभार एका ठरावीक आम्लतेला शून्य होतो, हे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लक्षात आले होते. 1909 मध्ये कोपनहेगनच्या एका प्रयोगशाळेतून पीएचची मोजपट्टी आली आणि हा बिंदू, म्हणजेच पीआय, आकड्यात मांडणे सोपे झाले.

एखाद्या गटाचे निम्मे प्रोटॉन ज्या पीएचला सुटलेले असतात, तो त्याचा पीकेए. खरा गुंता मात्र कोणता पीकेए कोणत्या गटाचा, हा होता. ग्लायसिन या अमिनो आम्लाचे दोन पीकेए 2.34 आणि 9.60. निर्भार रेणूवर भारच नसतात असे धरून चालणारे 2.34 अमिनो गटाला देत आणि 9.60 कार्बॉक्सिलला. 1923 मध्ये एका डॅनिश रसायनशास्त्रज्ञाने हे उलटे करून दाखवले. मिथिलअमाइनचा पीकेए 10.6 च्या आसपास असताना ग्लायसिनचा अमिनो गट 2.34 पर्यंत घसरेलच कसा? निर्भार रेणूवर धन आणि ऋण असे दोन्ही भार एकाच वेळी असतात, हे मानले की प्रश्न सुटतो. ही चूक इतकी वर्षे टिकली, कारण वाटणी कशीही केली तरी दोन पीकेएंची सरासरी, म्हणजे ग्लायसिनचा पीआय, 5.97 च येतो. हिशेब बरोबर होता, रेणूचे चित्र चुकीचे होते.

पार्श्वशृंखलाही आयनीभूत होत असेल, तर पीकेए तीन होतात आणि नेमके कोणते दोन घ्यायचे हे ठरवावे लागते. इथे गटांची नावे बाजूला ठेवून भार मोजावा, हेच शहाणपणाचे. लायसिनचे पीकेए 2.18, 8.95 आणि 10.53. पूर्ण प्रोटॉनयुक्त रेणूवर भार +2 असतो. पहिला प्रोटॉन गेला की +1, दुसरा गेला की 0, तिसरा गेला की −1. शून्य भाराच्या दोन्ही अंगांना 8.95 आणि 10.53 येतात, म्हणून पीआय 9.74. पडताळा सोपा आहे: या पीएचला अल्फा अमिनो गटाचा 0.14 आणि पार्श्वशृंखलेचा 0.86 भाग धनभारित असतो. बेरीज 1, आणि कार्बॉक्सिलचा −1 ती बरोबर खोडतो. तिन्हींची सरासरी काढणाऱ्याला 7.22 मिळते, पण तिथे भार जवळपास +0.98 उरतो. चूक पकडायला एवढे पुरे.

अ‍ॅस्पार्टिक आम्लात सुरुवात +1 पासून होते, म्हणून शून्याच्या अंगांना पहिले दोन, 1.88 आणि 3.65, येतात. पीआय 2.77.

सिस्टीनमध्ये पुढे वेगळाच वाद निघाला. त्याच्या थायॉल आणि अमिनो गटांचे प्रोटॉन जवळजवळ एकाच पट्ट्यात सुटतात. त्यामुळे 8.18 हा पूर्णपणे थायॉलचा म्हणणे तितकेसे खरे नाही. पीआयला त्याची झळ बसत नाही, कारण त्याला फक्त भाराच्या पायऱ्या लागतात: 1.96 आणि 8.18 ची सरासरी, 5.07.

आजही तक्त्यातक्त्यात फरक दिसतो. अ‍ॅस्पार्टिकसाठी 1.99 आणि 3.90 घेतले, तर पीआय 2.95 च्या आसपास जातो. म्हणून उत्तरासोबत घेतलेले पीकेए लिहायलाच हवेत. प्रथिनांच्या बाबतीत दोन आकड्यांची सरासरी पुरत नाही. तिथे संगणक पीएच थोडा थोडा बदलत सगळ्या गटांच्या भारांची बेरीज शून्यावर आणतो.