आजोबांची नऊ ताटं, आमची पाच

इंदूरच्या रामबागेतल्या आमच्या जुन्या घरात १९६५च्या सुमारास रोज नऊ ताटं मांडली जायची. आजोबा, आजी, पणजी आणि सहा मुलं. कमावणारे एकटे आजोबा. आज त्याच घरात आम्ही पाच जण आहोत: माझी अठ्ठ्याहत्तर वर्षांची आई, मी, बायको, सव्वीस वर्षांचा मुलगा आणि एमएस्सी करणारी मुलगी. कमावणारा मी एकटा.

मी कॉलेजात संख्याशास्त्र शिकवतो. लोकसंख्येचा लाभांश म्हणजे काय ते समजावताना मी हीच ताटं फळ्यावर काढतो, कारण या विषयातली खरी मेख याच दोन घरांमध्ये आहे.

पंधरा ते चौसष्ट या वयाला कामाचं वय म्हणायची रीत आहे. आजोबांच्या घरात या वयाची माणसं तीन होती: ते स्वतः, आजी आणि सोळा वर्षांचे थोरले काका. नवातले तीन म्हणजे तेहतीस टक्के. आमच्या घरात पाचातले चार, म्हणजे ऐंशी टक्के. कागदावर आमचं घर दुपटीहून जास्त पुढे गेलं. पण कमावणारे मोजले तर आजोबांकडे तिनांतला एक कमवत होता आणि आमच्याकडे चारांतला एक कमावतो. वयाने दिलेलं दान थोडंफार परतच गेलं म्हणायचं.

देशाचा हिशेबही असाच मांडता येतो. दरडोई उत्पन्न म्हणजे तीन गोष्टींचा गुणाकार. दर कामकरी माणूस किती उत्पन्न करतो, कामाच्या वयातल्या शंभरातले कितीजण खरोखर काम करतात आणि एकूण शंभरातले कितीजण कामाच्या वयाचे आहेत. जन्मदर घटला की पुढची काही वर्षं लहान मुलांचं प्रमाण कमी होतं आणि म्हातारे अजून वाढलेले नसतात. त्यामुळे तिसरा आकडा आपोआप वाढतो. ही वाढ म्हणजे लाभांश. पहिले दोन आकडे मात्र आपोआप वाढत नाहीत.

हा आपोआप मिळणारा भाग केवढा असतो, हे एकदा स्वतः करून बघण्यासारखं आहे, कारण भाषणांमधून त्याचा फार मोठा डोंगर केला जातो. भारतात १९७०च्या सुमारास कामाच्या वयाचे लोक साधारण ५५ टक्के होते, आता सुमारे ६८ टक्के आहेत. ६८ भागिले ५५ म्हणजे जवळपास १.२४. बाकी काहीच बदललं नसतं तरी नुसत्या वयरचनेमुळे दरडोई उत्पन्न चोवीस टक्क्यांनी वाढलं असतं. पण हे चोवीस टक्के पन्नासहून जास्त वर्षांत पसरलेले आहेत. वर्षाला साधारण ०.४ टक्का पडतो. पगारवाढीच्या भाषेत सांगायचं तर चहापाण्याची रक्कम.

दक्षिण कोरियात १९६० साली एका बाईला सरासरी सहा मुलं होत होती. १९८३पर्यंत हा आकडा २.१वर आला. कामाच्या वयाचं प्रमाण १९६५च्या सुमारास ५४ टक्क्यांजवळ होतं, ते १९९०पर्यंत ६९वर गेलं. आपल्याला जे मिळवायला अर्धशतक लागलं, ते त्यांनी पंचवीस वर्षांत मिळवलं. त्यामुळे त्यांचा आपोआपचा वाटा वर्षाला एक टक्क्याच्या आसपास पडला. म्हणजे जन्मदर घटला एवढंच महत्त्वाचं नाही, तो किती झपाट्याने घटला यावर लाभांशाचा आकार ठरतो.

पण पूर्व आशिया त्या काळात दरडोई वर्षाला सहा टक्क्यांच्या वेगाने वाढत होता. डेव्हिड ब्लूम आणि जेफ्री विल्यमसन या अर्थशास्त्रज्ञांनी १९९८मध्ये हिशेब मांडला, तेव्हा या वाढीचा एक तृतीयांशापर्यंतचा भाग वयरचनेतल्या बदलाशी जोडता आला. हा भाग नुसत्या भागाकारापेक्षा मोठा आहे. कारण घरात मुलं कमी झाली तसे बाकीचे दोन आकडेही हलले. दोन मुलांच्या आईला कामाला जाणं शक्य झालं, प्रत्येक मुलाच्या शाळेवर जास्त खर्च होऊ लागला, आणि घरखर्चातून उरलेला पैसा बँकांमधून कारखान्यांत गेला. त्याच वेळी कापड, केसांचे टोप, पुढे इलेक्ट्रॉनिक्स अशा कारखान्यांनी गावाकडून आलेल्या मुली हजारोंनी कामावर घेतल्या. तासन् तास काम, तुटपुंजा पगार. त्या मुलींचे हाल झाले हे खरंच. पण शाळा सोडलेल्या मुलीला दुसऱ्या महिन्यात काम मिळत होतं. व्हिएन्नाचे लोकसंख्यातज्ज्ञ वोल्फगांग लुट्झ आणि त्यांचे सहकारी तर म्हणतात की लाभांशाचं खरं श्रेय वयरचनेला नाही, शिक्षणाला द्यायला हवं. वाद चालू आहे. मला त्यातला शिक्षणाचा मुद्दा पटतो, पण शिकलेल्याला काम लागतं हा भाग त्यात जरा गृहीत धरल्यासारखा वाटतो.

तसं वाटायला कारण आहे भंवरकुआँ. इंदुरात राहणाऱ्याला हे सांगायला नको. त्या चौकाच्या भोवती स्पर्धापरीक्षांचे क्लास आहेत आणि त्यांच्याहून जास्त लायब्रऱ्या. लायब्ररी म्हणायचं, पण आत पुस्तकं नसतात. लाकडी पार्टिशन घातलेल्या खुर्च्या, एक प्लग पॉइंट, वायफाय, आणि महिन्याच्या भाड्याने मिळणारी जागा. सकाळी सातला खाली टपरीवर पोहे-जिरावण खाऊन मुलं वर जातात आणि रात्री दहाला उतरतात. माझा मुलगा इंजिनिअर आहे. गेली चार वर्षं तो तिथेच बसतोय.

आजोबांच्या काळात हे शक्यच नव्हतं. मागे पाच भावंडं रांगेत असताना थोरल्या काकांना सव्वीस वर्षांपर्यंत बसवून खायला घालणार कोण? मॅट्रिक झाल्याबरोबर ते गिरणीत लागले. मुलगा चार वर्षं थांबू शकतो, कारण मला दोनच मुलं आहेत. कुटुंब लहान झाल्याने जो पैसा उरला, त्यातूनच या थांबण्याचं भाडं जातं. लाभांशाची वाट अशी स्वतःवरच उलटते, हे पाठ्यपुस्तकात फारसं लिहिलेलं नसतं.

मुलं थांबतात ती आळसाने नाही. सरकारी नोकरीतला पगार, सुरक्षितता आणि लग्नाच्या बाजारातली किंमत बघता, हजारांत एक संधी असली तरी एकेकट्या मुलापुरता तो हिशेब चुकीचा नसतो. सगळे मिळून मात्र चुकतो. अर्थतज्ज्ञ कुणाल मंगल यांनी तामिळनाडूत याचा माग काढला. तिथे २००१ ते २००६ या काळात सरकारी भरती बहुतांशी गोठवली होती. जागाच निघणार नाहीत म्हटल्यावर पदवीधर मुलं दुसरीकडे वळतील असं आपल्याला वाटेल. झालं उलटं. त्यांनी बेकार राहून तयारी आणखी लांबवली, आणि दहा वर्षांनंतरही त्या तुकडीची कमाईची कुवत कमी राहिल्याची चिन्हं दिसली. जागा उरल्याच नाहीत म्हणून रांग मोडत नाही, रांगेतलं वय तेवढं वाढत जातं.

आता हे मोजायचं कसं? २०२३-२४च्या केंद्रीय श्रमबल सर्वेक्षणात देशाचा बेकारीचा दर ३.२ टक्के आहे. भंवरकुआँच्या चौकात उभं राहून हा आकडा सांगितला तर लोक हसतील. पण आकडा खोटा नाही. बेकार म्हणून नोंद व्हायला माणूस काम शोधत तरी असायला हवा, नाहीतर मिळालं तर लगेच करायला तयार तरी. परीक्षा होईपर्यंत दुसरं काही नको म्हणणारा या हिशेबात बेकार नसतोच, तो श्रमबलाच्या बाहेर असतो. म्हणून लाभांश फळतोय का ते बघायचं तर बेकारीच्या दराकडे बघू नये. कामाच्या वयाच्या शंभरांमागे किती काम करतात आणि त्यांपैकी कितींना पैसे मिळतात, हे बघावं.

पैसे मिळण्याचा मुद्दा बायकांच्या बाबतीत निर्णायक ठरतो. २०१७-१८मध्ये पंधरा वर्षांवरच्या बायकांपैकी २३.३ टक्के श्रमबलात होत्या, २०२३-२४मध्ये ४१.७ टक्के. सहा वर्षांत एवढी उडी कुठल्याच देशाला सहसा जमत नाही. पण या कामकरी बायकांपैकी तिघींतल्या एकीहून जास्त जणी घरच्या शेतात किंवा दुकानात बिनपगारी मदतनीस आहेत. शहरातल्या बायकांचं श्रमबलातलं प्रमाण तर त्या वर्षीही २८ टक्क्यांवरच होतं.

मध्य प्रदेशाच्या दृष्टीने हे सगळं घाईचं आहे. केरळात जन्मदर १९८८च्या सुमारासच दोनवर आला. तिथली कामकरी पिढी मोठी झाली तेव्हा काम आखातात मिळालं आणि लाभांश मनिऑर्डरीने परत आला. आता तिथे साठीवरचे लोक सोळा टक्क्यांच्या पुढे आहेत. आपल्याकडे १९९२-९३च्या कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात बाईमागे जवळपास चार मुलं होती, २०१९-२१मध्ये दोन. त्या मोठ्या तुकड्यांतली मुलं आज विशी-तिशीत आहेत. त्यांचं कामाचं वय आत्ताच चालू आहे. देशाचा विचार केला तर २०१८-१९च्या आर्थिक पाहणीने वीस ते एकोणसाठ वयाच्या लोकांचं प्रमाण २०४१च्या सुमारास शिखरावर, ५९ टक्क्यांच्या आसपास, जाईल असा अंदाज दिला होता. पुढे ते उतरू लागेल आणि आईसारख्यांची ताटं वाढतील.

गेल्या वर्षी सर्वेक्षणवाली बाई आमच्याकडेही आली होती. आईचं झालं, माझं झालं, मुलीच्या पुढे ९१ पडलं, म्हणजे शिक्षण घेते. मुलाला तिने विचारलं, आत्ता काम मिळालं तर करशील का? तो म्हणाला, प्रिलिम्सनंतर बघू. बायकोच्या पुढे ती ९२ लिहायला लागली, म्हणजे घरकाम. तेव्हा मीच मध्ये पडलो. म्हटलं, ही गौरी-गणपतीत आणि दिवाळीत फराळाच्या ऑर्डरी घेते, पैसे घेऊन. ती बाई थांबली आणि म्हणाली, वर्षात तीस दिवस भरत असतील तर ते काम धरता येतं, दुय्यम म्हणून.

बायकोने ओट्याशी उभं राहून बोटांवर मोजलं. मोदकांचे सहा, दिवाळीचे सतरा, तुळशीच्या लग्नापर्यंत आणखी तीन.

"सव्वीस," ती म्हणाली. "संक्रांतीला तिळगुळाच्या वड्या धरायला हव्या होत्या."