चार क्रेडिटचा सहा आणि एका क्रेडिटचा दहा

भाचीचा पहिल्या सेमिस्टरचा निकाल लागला. तिने पाच विषयांच्या ग्रेड पॉइंटांची बेरीज केली, पाचने भागलं आणि मला कळवलं, "मामा, ८.४ आले!" गुणपत्रिकेवर मात्र एसजीपीए, म्हणजे त्या सेमिस्टरची सरासरी, ७.७९ छापलेला होता. विद्यापीठाने चूक केली अशी तिची खात्री पटली होती. आम्ही दोघांनी स्प्रेडशीट उघडून ते पाच विषय एकाखाली एक मांडले.

| A: विषय | B: ग्रेड पॉइंट | C: क्रेडिट |
|---|---|---|
| गणित | ६ | ४ |
| भौतिकशास्त्र | ७ | ४ |
| प्रोग्रामिंग | ९ | ३ |
| प्रात्यक्षिक | १० | १ |
| पर्यावरण | १० | २ |

शीर्षक पहिल्या ओळीत आहे, म्हणजे आकडे दुसऱ्या ओळीपासून सहाव्यापर्यंत. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या दहा गुणांच्या श्रेणीत 'ओ' म्हणजे १०, 'ए प्लस' म्हणजे ९, असं उतरत 'पी' म्हणजे ४ आणि नापास किंवा गैरहजर असेल तर ०. क्रेडिट म्हणजे त्या विषयाचं वजन. गणिताचे क्रेडिट चार, म्हणून त्याचा ६ चार वेळा मोजायचा. प्रात्यक्षिकाचा १० एकदाच.

हे डोळ्यांपुढे आणायला चिठ्ठ्यांची कल्पना करा. गणिताच्या चार चिठ्ठ्या, प्रत्येकीवर ६. भौतिकशास्त्राच्या चार, प्रत्येकीवर ७. प्रोग्रामिंगच्या तीन, पर्यावरणाच्या दोन आणि प्रात्यक्षिकाची एक. एकूण चिठ्ठ्या १४. या चौदांची अगदी साधी सरासरी काढली की तीच भारित सरासरी. वरची बेरीज २४ + २८ + २७ + १० + २० = १०९ आणि १०९ भागिले १४ म्हणजे ७.७९. भाचीने पाच विषयांच्या पाचच चिठ्ठ्या धरल्या होत्या, म्हणून तिच्या हिशेबात दोन सोपे दहा अवघड सहाइतकेच मोठे झाले.

आता हे एका सेलमध्ये कसं लिहायचं? भाचीचा पहिला प्रयत्न असा होता:

```
=(B2*4+B3*4+B4*3+B5*1+B6*2)/14
```

उत्तर बरोबर येतं, पण क्रेडिट सूत्राच्या पोटात लपले आहेत. समजा प्रोग्रामिंगचे क्रेडिट तीनाचे चार झाले. तुम्ही 3 च्या जागी 4 लिहिता आणि शेवटचा 14 तसाच राहतो. मग ११८ भागिले १४ म्हणजे ८.४३ येतात, खरं उत्तर आहे ११८ भागिले १५, म्हणजे ७.८७. म्हणून वजनं शेजारच्या कॉलममध्ये डोळ्यांसमोर ठेवायची आणि सूत्राला फक्त पत्ते द्यायचे:

```
=SUMPRODUCT(B2:B6,C2:C6)/SUM(C2:C6)
```

पहिला भाग B आणि C मधल्या समोरासमोरच्या सेलांचा गुणाकार करून त्यांची बेरीज देतो, म्हणजे १०९. दुसरा भाग क्रेडिटची बेरीज देतो, १४. गुणाकारांसाठी वेगळा कॉलम लागत नाही. भागाकार वजनांच्याच बेरजेने होत असल्यामुळे वजनं १०० व्हायला हवीत अशीही अट नाही. सगळे क्रेडिट दुप्पट केले तरी उत्तर हलणार नाही.

इथपर्यंतचं काम पाच मिनिटांचं आहे. खरी काळजी पुढे आहे. एखादा आकडा सेलमध्ये आकडा नसून मजकूर असतो. पोर्टलवरून निकाल उतरवून चिकटवला की हे हमखास होतं. दिसायला ७, पण स्प्रेडशीटच्या लेखी ते अक्षर. एक्सेलमध्ये SUMPRODUCT मजकुराला शून्य धरतं आणि SUM मजकूर सोडून देतं, दोघंही काही तक्रार करत नाहीत. मग चूक कुठल्या कॉलममध्ये आहे त्यावरून उत्तर बदलतं, आणि हा फरक नीट समजून घेण्यासारखा आहे.

भौतिकशास्त्राचा ग्रेड पॉइंट मजकूर झाला, तर वरच्या बेरजेतून २८ जातात, खाली मात्र त्याचे चार क्रेडिट राहतात. ८१ भागिले १४, म्हणजे ५.७९. हे पकडता येतं, कारण भारित सरासरी कधीही सगळ्यांत लहान आकड्याच्या खाली किंवा सगळ्यांत मोठ्याच्या वर जात नाही. इथे सर्वांत कमी ग्रेड पॉइंट ६ आहे, तेव्हा ५.७९ येणं शक्यच नाही.

पण तोच घोटाळा क्रेडिटच्या सेलमध्ये झाला तर? वरून २८ जातात आणि खालून ४ देखील. ८१ भागिले १० म्हणजे ८.१. भौतिकशास्त्र हा विषयच हिशेबातून निघून गेला आणि उत्तर ६ ते १० च्या मध्ये ऐटीत बसलं. बघणाऱ्याला संशय यायचं कारणच नाही. मला हीच चूक सर्वांत धोक्याची वाटते. म्हणून मी बाजूला दोन सेलमध्ये एवढं लिहून ठेवतो:

```
=COUNT(B2:B6)
=COUNT(C2:C6)
```

COUNT फक्त खरे आकडे मोजतं. विषय पाच असतील तर दोन्हीकडे ५ यायलाच हवेत. कुठे ४ आले की त्या कॉलममध्ये डावीकडे चिकटलेला आकडा शोधायचा. मुद्दाम अलाइनमेंट बदललेलं नसेल तर आकडे सेलच्या उजव्या कडेला आणि मजकूर डाव्या कडेला राहतो.

रिकाम्या सेलचा प्रश्न वेगळा आहे, कारण तिथे आधी अर्थ ठरवावा लागतो. भौतिकशास्त्राचा निकाल अजून लागलाच नसेल आणि B3 रिकामा असेल, तरी वरचं सूत्र ५.७९ च देईल, जणू मुलीला शून्य मिळालं. 'आतापर्यंतची सरासरी' हवी असेल तर भाजकातही फक्त निकाल लागलेल्या विषयांचेच क्रेडिट घ्यावे लागतात:

```
=SUMPRODUCT(B2:B6,C2:C6)/SUMPRODUCT(--ISNUMBER(B2:B6),C2:C6)
```

ISNUMBER प्रत्येक ग्रेड पॉइंटबद्दल आकडा आहे की नाही ते सांगतं, पुढची दोन वजाबाकीची चिन्हं त्या हो-नाहीचं १ आणि ० करतात. आता ८.१ येतात, आणि या वेळी ते बरोबर आहेत. मात्र मुलगी परीक्षेला गैरहजर होती तर B3 मध्ये 0 लिहायचाच. तो सेल रिकामा ठेवला किंवा तिथे Ab लिहिलं, तर हे सूत्र तिला त्या विषयातून माफी देऊन टाकेल.

दुसऱ्या सेमिस्टरनंतर भाचीचा पुन्हा फोन आला. एसजीपीए ८.५०, क्रेडिट २०. "दोन्हींची सरासरी ८.१४ ना?" असं विचारता विचारता ती स्वतःच थांबली. पहिल्या सेमिस्टरच्या चिठ्ठ्या १४ आणि दुसऱ्याच्या २०. तिने B मध्ये दोन एसजीपीए आणि C मध्ये दोन्हींचे एकूण क्रेडिट घेतले, तेच सूत्र लावलं आणि सीजीपीए, म्हणजे दोन्ही सेमिस्टरची मिळून सरासरी, ८.२१ आला. छापील ७.७९ ऐवजी पहिल्या शीटमधल्या सूत्राच्या सेलचाच पत्ता तिने दिला होता. त्या सेलमध्ये दिसायला ७.७९ असले तरी आत ७.७८५७ आणि पुढचे अंक शाबूत आहेत.