आठ मिलिमीटर की अडीच सूत?

जुन्या यंत्राच्या बोल्टचा फोटो मित्राने पाठवला, शेजारी पट्टी ठेवून. "आठ मिलिमीटर आहे, तसाच आणायचा ना?" फोटोवरून ओळख पटवताना बहुतेक जण इथेच फसतात, कारण ते आधी जाडी बघतात. एम८ बोल्टची जाडी ८ मिलिमीटर आणि अडीच सुती, म्हणजे ५/१६ इंची बोल्टची ७.९४. हा फरक फोटोत दिसणे शक्य नाही. डोक्याचेही तेच: एकाला १३ मिलिमीटरचा पाना, दुसऱ्याला १२.७ चा. डोक्यावर '८.८' कोरलेले असेल तर बोल्ट मेट्रिक, तीन किंवा सहा रेघा असतील तर बहुधा इंची. याचे डोके गंजलेले होते.

मग उरतात आटे. एम८ च्या नेहमीच्या आट्यांत दोन माथ्यांमधले अंतर १.२५ मिलिमीटर असते, तर अडीच सुतीत एका इंचात १८ आटे, म्हणजे अंतर १.४१. एकच अंतर मोजू नका, दहा मोजा, म्हणजे अकरा माथे. ती लांबी बोल्टच्या जाडीने भागा. मोजमाप पिक्सेलमध्ये केले तरी चालते, कारण भागाकारात एकक उरतच नाही. एम८ साठी उत्तर १.५६ च्या आसपास येते, अडीच सुतीसाठी १.७८. मित्राच्या फोटोत जाडी १५८ पिक्सेल आणि दहा अंतरे २८४ पिक्सेल. भागाकार १.८. अडीच सुती! (प्रत्यक्ष बोल्ट नावापेक्षा किंचित बारीक असतो, म्हणून आकडा थोडा वर सरकतो.)

पट्टी तरीही हवीच. एम६ आणि तीन सुती, दोघांचेही उत्तर १.६७ येते; कोणता ते ठरवायला ढोबळ जाडी कळावी लागते.

खरा घोटाळा तिरकेपणाचा. बोल्ट कॅमेऱ्याच्या दिशेने कलला की लांबी आखडते, जाडी मात्र तशीच राहते. साधारण २८ अंश कललेला अडीच सुती बोल्ट हुबेहूब एम८ चे उत्तर देतो. डोक्याचा वरचा चेहरा फोटोत दिसत असेल तर तो फोटो मोजू नका. नीट आडव्या फोटोत तिथे फक्त सरळ रेघ दिसते. शिवाय फोटो लांबून, झूम करून काढावा.

"नट दोन आटे फिरला, म्हणजे बसला" ही समजूतही सोडा. एम८ चा नट अडीच सुती बोल्टवर चढवला तर दर आट्याला ०.१६ मिलिमीटरचा फरक साठत जातो, मग नट अडकतो. जोर लावला तर आटे मरतात.

लांबी षट्कोनी डोक्याच्या बोल्टची डोक्याखालून मोजतात, पृष्ठभागात बुडणाऱ्या चपट्या डोक्याच्या स्क्रूची डोक्यासकट. टोकाकडे निमुळता आणि विरळ आट्यांचा असेल तर तो लाकडाचा स्क्रू, त्याला हा भागाकार लागू नाही. वॉशरला आटेच नाहीत: चिरलेला असेल तर स्प्रिंग वॉशर, सपाट असेल तर भोक मोजा. एम८ च्या वॉशरचे ८.४ मिलिमीटर असते, त्यामुळे अडीच सुती बोल्टही त्यातून खुशाल जातो.