सेटर शिकवून तयार केला आणि तो चाकणला गेला, तर?

भोसरी एमआयडीसीत वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या छोट्या शॉपच्या मालकाला हा प्रश्न छळतो. ऑपरेटर बटण दाबून सीएनसी मशीन चालवतो, पण जॉब बदलला की टूल लावणं, ऑफसेट देणं, पहिला पीस मापात काढणं हे काम सेटरचं. ऑपरेटरांना सेटिंग शिकवलं तर मशीन कमी वेळ बंद राहील आणि रिजेक्शन घटेल. ते खूश होऊन टिकतील, अशीही आशा असते. मात्र सेटिंग येणाऱ्या माणसाला चाकणमध्ये जास्त पगार मिळू शकतो, ही भीतीही खरी आहे.

ही आशा आणि भीती दोन्ही रुपयांत मांडता येतात. हिशेबाची वही मात्र इथे मदत करत नाही. आपल्याकडच्या लेखा मानकांनुसार प्रशिक्षणावरचा खर्च त्याच वर्षी खर्ची टाकावा लागतो, मशीनसारखा मालमत्तेत दाखवता येत नाही. शिकलेला माणूस कंपनीच्या ताब्यात नसतो, तो उद्या राजीनामा देऊ शकतो, हे त्यामागचं मुख्य कारण. म्हणजे आपण ज्या अनिश्चिततेबद्दल बोलतोय तिची दखल मानकांनीच घेतली आहे. निर्णयासाठी वेगळं गणित करावं लागतं.

एक काल्पनिक शॉप घेऊ. २० ऑपरेटरांना प्रत्येकी १५ दिवसांचं प्रशिक्षण द्यायचं आहे. एका माणसामागे फी २२,००० रुपये. शिकताना वाया जाणारं मटेरियल आणि शिकवणाऱ्या सेटरचा वेळ मिळून ५,०००. तिसरा खर्च सर्वात मोठा आणि सहज विसरला जाणारा: पंधरा दिवस बुडालेलं उत्पादन. मालाच्या किमतीतून मटेरियल, टूल आणि वीज वजा केल्यावर त्याच्या मशीनवर दिवसाला २,२०० रुपये सुटत असतील, तर ३३,००० बुडाले. इथे पगार पुन्हा मिळवायचा नाही. तो प्रशिक्षण असो वा नसो द्यायचाच आहे, आणि २,२०० मधून आपण तो वजा केलेलाच नाही. बरेच जण तो दुसऱ्यांदा मोजतात आणि प्रशिक्षण आहे त्यापेक्षा महाग दिसतं. एकूण झाले ६०,०००.

फायद्याच्या बाजूला, सेटिंगचा वेळ आणि रिजेक्शन घटल्याने वर्षाला ४८,००० वाचतात असं धरू. शिकल्यावर महिना १,५०० ची पगारवाढ द्यावी लागेल, म्हणजे वर्षाला १८,०००. उरले ३०,०००. ही सुधारणा तीन वर्षं उपयोगी पडेल असं मानलं, तर ६०,००० घालून ९०,००० येतात. गणित इथेच थांबलं तर उत्तर सोपं आहे.

पण तिसऱ्या वर्षी येणारा रुपया आजच्या रुपयाएवढा नसतो. मालकाच्या सीसी खात्यावर, म्हणजे बँकेच्या खेळत्या कर्जावर, १२ टक्के व्याज असेल, तर वर्षाअखेर येणाऱ्या १०० रुपयांची आजची किंमत ८९, दोन वर्षांनी येणाऱ्यांची ८०, तीन वर्षांनी येणाऱ्यांची ७१. या दराने त्या ९०,००० चं वर्तमान मूल्य सुमारे ७२,००० भरतं. अजूनही १२,००० फायदा आहे, पण तो प्रत्येक माणूस तिन्ही वर्षं टिकला तरच.

दरवर्षी चारातला एक सोडून जात असेल तर? शंभर शिकवले तर वर्षाअखेर ७५ उरतात, मग ५६, मग ४२. पहिल्या वर्षात सरासरी ८७ ते ८८ जण हजर धरले, दुसऱ्या वर्षी ६६, तिसऱ्या वर्षी ४९, तर एका माणसामागे मिळणाऱ्या फायद्याचं वर्तमान मूल्य ५०,००० च्या आतच राहतं. खर्च ६०,०००, म्हणजे माणशी सुमारे १०,४०० चा तोटा. व्याज आणि गळती दोन्ही दूरच्या वर्षांनाच जास्त कापतात आणि एकमेकांना गुणत जातात.

प्रशिक्षणानं गळतीच कमी झाली तर चित्र बदलतं. समजा ती २५ वरून १५ टक्क्यांवर आली. आता फायदा जास्त दिवस मिळतो, शिवाय नवा माणूस शोधून रुळवण्याचा खर्च, समजा प्रत्येकी ४०,०००, काही जागांवर वाचतो. दोन्ही धरून माणशी सुमारे ६,२०० चा नफा. उलट शिकून बाजारातली किंमत वाढल्यामुळे गळती ३० टक्के झाली, तर नवी माणसं रुळवण्याचा वाढीव खर्च धरून तोटा १७,७०० पर्यंत जातो. हे घडू शकतं. गॅरी बेकर या नोबेलविजेत्या अर्थतज्ज्ञानं १९६० च्या दशकात दाखवलं, की जे कौशल्य कुठल्याही कंपनीत चालतं त्याचं मोल बाजार त्या कामगाराच्या पगारात मिळवतो. मग मालकाला त्यावर खर्च करायला फारसं कारण उरत नाही. सीएनसी सेटिंग बऱ्याच अंशी असंच कौशल्य आहे.

नफा-तोट्याची सीमा गळती साडेअठरा टक्क्यांच्या आसपास असताना येते. "टिकतील का?" या प्रश्नाचं रूपांतर आता "२५ ची गळती साडेअठराच्या खाली येईल का?" असं झालं. गळती १५ वर येण्याची शक्यता ४० टक्के, तशीच राहण्याची ४० आणि ३० होण्याची २० धरली, तर सरासरी अपेक्षित निकाल माणशी ५,२०० चा तोटा येतो. आकडे माझे असले तरी प्रत्येक मालक आपले टाकून पाहू शकतो.

आधी थोड्यांना शिकवून बघू, असं इथे सुचतं. त्यात एक अडचण आहे. प्रशिक्षणाचा काहीही परिणाम झाला नाही आणि गळती २५ टक्केच राहिली, तरी २० जणांमधून वर्षात तीन किंवा त्याहून कमी जण जाण्याची शक्यता सुमारे २२ टक्के असते. म्हणजे निव्वळ योगायोगानं मालकाला वाटेल, प्रशिक्षण लागू पडलं. त्यातून सुपरवायझर प्रशिक्षणाला निवडतो ते त्याचे विश्वासाचे लोक, जे एरवीही टिकलेच असते. पात्र माणसांमधून चिठ्ठ्या टाकून अर्ध्यांना आधी आणि अर्ध्यांना नंतर पाठवलं तर तुलना निदान प्रामाणिक होते. दोन्ही गट एकाच दिवाळीतून गेले पाहिजेत, कारण बोनस हातात पडल्यावर नोकरी बदलणारे असतात. एवढं करूनही लहान शॉपला गळतीचं पक्कं उत्तर वर्षभरात मिळेल असं मला वाटत नाही.

म्हणून मी आधी खर्चाकडे पाहीन, कारण तो मालकाच्या हातात आहे. बुडालेल्या उत्पादनाचे ३३,००० हा सर्वात मोठा तुकडा. जॉब बदलताना मशीन नाहीतरी थांबतं, तेव्हा ऑपरेटरला सेटरच्या शेजारी उभं करून अर्धे धडे तिथेच दिले, तर सुमारे १६,५०० वाचतात. मग गळती २५ टक्केच राहिली तरी माणशी ६,१०० चा नफा होतो, आणि ३० टक्के झाली तरी तोटा १,२०० वर थांबतो. अट एकच: शेजारी उभा राहून शिकलेल्यालाही वर्गात शिकलेल्याइतकंच काम आलं पाहिजे. हे तपासायला वर्ष लागत नाही. शेवटचा जुना पीस ते पहिला ओके पीस यातला वेळ प्रत्येक सेटअपला घड्याळ लावून लिहिला, तर दोन पद्धतींतला फरक महिनाभरात वहीत दिसू लागतो. वर्षाचे ४८,००० हा अंदाज खरा की खोटा, तेही त्याच वहीतून कळतं.