एफएफटीचं उत्तर खरंच अंदाजे असतं का?

"एफएफटी फास्ट आहे कारण ती काही टर्म सोडून देते, उत्तर अंदाजे येतं, बरोबर ना?"

नाही हो, एकही टर्म सुटत नाही. डीएफटी म्हणजे सिग्नलच्या आकड्यांतून त्यातल्या फ्रिक्वेन्सी काढायचं गणित, आणि एफएफटी म्हणजे तेच गणित पटकन करायची पद्धत. १, २, ३, ४ ही सिक्वेन्स घ्या. सरळ डीएफटीत चार आउटपुट, प्रत्येकाला चार गुणाकार, म्हणजे १६ (१ ने गुणणंही धरून). आता सम आणि विषम जागांचे आकडे वेगळे करा: १+३=४, १−३=−२, २+४=६, २−४=−२. मग ४+६=१०, ४−६=−२, आणि विषम भागातल्या −२ ला −i ने गुणून ते सम भागातल्या −२ मध्ये अधिक नि वजा केलं की उरलेली दोन −२+2i नि −२−2i, सगळी तंतोतंत डीएफटीचीच.

गंमत अशी की विषम भागाला एकदा गुणलं की तोच गुणाकार एका आउटपुटमध्ये अधिक करून आणि अर्ध्या लांबीवरच्या दुसऱ्यात वजा करून वापरता येतो, मग प्रत्येक अर्ध्याचे परत अर्धे करायचे, असं करत १०२४ पॉइंटला १०,४८,५७६ ऐवजी साधारण ५,१२० गुणाकार पुरतात.

कॉम्प्युटरचं राउंडिंग दोन्हीकडे असतंच, उलट एफएफटीत सहसा कमी. डबल प्रिसिजनमध्ये दोघांच्या उत्तरात मोठा फरक दिसला तर आधी सूत्रातल्या घातांकाचं चिन्ह आणि N ने, म्हणजे पॉइंटच्या संख्येने, भागलंय का ते बघा.