वाढ आणि छत : विश्वाच्या ‘हीट डेथ’मागचा इतिहास

परिसंवादाची सूचना फलकावर लागली तेव्हा कॅन्टीनमधल्या काकांनी ती वाचून मला विचारलं, “सर, हे त आपल्याइथं दरसाल नवतप्यात होते न जी?” चूक काकांची नाही, नावाची आहे. ‘हीट डेथ’ म्हटलं की ऊन लागून मरणंच डोळ्यांसमोर येतं, त्यातून नागपूर असेल तर विचारायलाच नको. मुळात उष्णतेनं कोणी मरत नाही, उष्णतेला काही काम उरत नाही, इतकंच त्या शब्दात आहे. परिसंवादातल्या माझ्या वीस मिनिटांच्या भाषणात सूत्र मांडता येईल, पण ते सूत्र विश्वाला लावायचं धाडस कोणी आणि कशाच्या भरवशावर केलं हे मावणार नाही. म्हणून ही पार्श्वभूमी.

सुरुवात वाफेच्या इंजिनापासून होते. १८२४ साली सादी कार्नो या तरुण फ्रेंच अभियंत्यानं एक साधा प्रश्न विचारला : दिलेल्या उष्णतेतून जास्तीत जास्त किती काम काढता येईल? त्याला मिळालेलं उत्तर असं की नुसती उष्णता असून भागत नाही, एक गरम आणि एक थंड अशा दोन जागा लागतात. पाणी वरून खाली पडलं तरच चक्की फिरते, तसंच हे. उष्णता हा न आटणारा द्रव आहे अशी कार्नोची समजूत होती आणि ती पुढे चुकीची ठरली. पण फरकाशिवाय काम नाही, हा निष्कर्ष टिकला. कार्नो १८३२ मध्ये ऐन छत्तिशीत पटकीनं गेला.

फरक म्हणजे काय, हे नागपूरकराला कूलरवरून लगेच कळतं. मे महिन्यात वाळ्याच्या ताट्यांवर पाणी सोडलं की खोली गार होते. जुलैत तोच पंखा असतो, तेच पाणी, वीजही तितकीच, तरी नुसता दमट वारा अंगावर येतो. काहीच संपलेलं नसतं, फक्त हवेचा कोरडेपणा गेलेला असतो. त्यामुळे पाण्याला उडून जायला कारण उरत नाही.

आता एक हिशेब पुरता करून पाहू, कारण पुढची सगळी गोष्ट त्यावर उभी आहे. शंभर मिलिलिटर चहाचा कप आहे, तापमान ८७ अंश, म्हणजे ३६० केल्विन. मे महिन्यातली दुपार आहे आणि खोली ४२ अंशांवर, म्हणजे ३१५ केल्विन. चहा जेमतेम अडीच अंश उतरला की त्यातून साधारण १००० ज्यूल उष्णता खोलीत जाते. ऊर्जा किती विखुरली याचं माप म्हणजे एन्ट्रॉपी, आणि तिचा बदल म्हणजे उष्णता भागिले तापमान. चहानं गमावली १००० भागिले ३६०, म्हणजे २.७८. खोलीनं मिळवली १००० भागिले ३१५, म्हणजे ३.१७. उष्णता तितकीच, पण ती थंड बाजूला जास्त एन्ट्रॉपी होऊन पोचली. निव्वळ वाढ सुमारे ०.४ ज्यूल प्रति केल्विन.

या वाढीचं करायचं काय? तिला खोलीच्या तापमानानं, ३१५ नं गुणा. १२५ ज्यूल येतात. आता कार्नोकडे जा. चहा आणि खोली यांच्यामध्ये आदर्श इंजिन बसवलं असतं तर या १००० ज्यूलमधून किती काम मिळालं असतं? एक वजा ३१५ भागिले ३६०, म्हणजे साडेबारा टक्के, म्हणजे तेच १२५ ज्यूल. चहा आपोआप निवला तेव्हा ऊर्जा कुठेच गेली नाही, सगळी खोलीतच आहे. पण १२५ ज्यूल काम करण्याची संधी कायमची गेली आणि तिची नोंद एन्ट्रॉपीत झाली. डिसेंबरातल्या १५ अंशांच्या सकाळी हाच हिशेब केला तर २०० ज्यूल येतात. चहा तोच, त्याची किंमत मात्र खोली ठरवते.

हे दोन आकडे जुळणं आज आपल्याला सहज वाटतं, पण इतिहासात ती दोन टोकं दोन वेगळ्या माणसांच्या हातात होती. हुकलेल्या कामाचं टोक विल्यम थॉमसनकडे होतं, ज्याला पुढे लॉर्ड केल्विन म्हणू लागले. १८५२ मध्ये एडिंबरोत त्यानं एक छोटा निबंध वाचला. निसर्गात यांत्रिक ऊर्जा विखुरत जाण्याकडे सार्वत्रिक कल आहे, असं त्याचं प्रतिपादन होतं. घर्षण असो की उष्णतेचं वहन, प्रत्येक ठिकाणी कामाची संधी वाया जाते आणि ती परत आणता येत नाही. त्यावरून त्यानं काढलेला निष्कर्ष मात्र फक्त पृथ्वीपुरता होता : ठरावीक काळापूर्वी ती माणसाला राहण्याजोगी नव्हती आणि ठरावीक काळानंतर पुन्हा राहणार नाही.

पृथ्वीवरून विश्वावर उडी मारली ती हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञानं, फेब्रुवारी १८५४ मध्ये, क्योनिग्सबर्गच्या एका व्याख्यानात. त्यानं विश्वातल्या ऊर्जेचे दोन भाग कल्पिले. एक भाग उष्णतेत बदलून बसलेला, जो वाढतच जातो. दुसरा अजून कामाला येणारा, जो घटतच जातो. दुसरा संपला की सगळीकडे एक तापमान आणि कायमचा विराम. व्याख्यान सामान्य श्रोत्यांसाठी होतं, म्हणजे ही कल्पना जन्मली तीच भाषणात. माझ्या भाषणाला एवढा तरी वारसा आहे!

एन्ट्रॉपीचं टोक रुडॉल्फ क्लॉसियस या जर्मन भौतिकशास्त्रज्ञाकडे होतं. ‘उष्णता भागिले तापमान’ या राशीवर तो बरीच वर्षं काम करत होता, पण तिचं बारसं झालं १८६५ मध्ये. ‘रूपांतर’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून त्यानं एन्ट्रॉपी हे नाव घडवलं आणि ते मुद्दाम ‘एनर्जी’शी जुळेल असं बेतलं. त्याच निबंधाच्या शेवटी ती दोन प्रसिद्ध वाक्यं आहेत : विश्वाची ऊर्जा स्थिर आहे, विश्वाची एन्ट्रॉपी कमालीकडे जाते.

माझ्या मते सगळी गंमत त्या ‘कमाली’त आहे. वाढते म्हणजे कमालीला पोचतेच असं नाही. एक, दोन, तीन हे आकडे वाढतात, पण कुठे थांबत नाहीत. ‘हीट डेथ’साठी, म्हणजे उष्मामृत्यूसाठी, दोन गोष्टी हव्यात, वाढ आणि छत. बंद डब्यातल्या वायूच्या एन्ट्रॉपीला छत असतं, कारण डबा ठरावीक मापाचा आणि ऊर्जाही ठरावीक. विश्व म्हणजे तसा डबा आहे का? पाठ्यपुस्तकं हा प्रश्न न विचारताच पुढे जातात. थॉमसननं तो विचारला होता. १८६२ च्या सूर्याच्या वयावरील लेखात तो म्हणतो, विश्व मर्यादित असेल आणि आजचेच नियम चालणार असतील तर सार्वत्रिक विराम आणि मृत्यू अटळ आहे, पण द्रव्याच्या विस्ताराला सीमा असल्याची कल्पनाच करता येत नाही. जो माणूस उष्मामृत्यूचा जनक मानला जातो, त्यानं स्वतःच ही अट लावून ठेवली होती.

याच लेखात सूर्य बहुधा दहा कोटी वर्षांहून जुना नाही असा त्याचा अंदाज होता आणि तो सपशेल चुकला. अणुकेंद्रांच्या संमीलनाचं इंधन त्याला माहीत असणं शक्य नव्हतं. सूर्याचं वय ४६० कोटी वर्षांच्या आसपास आहे. पण या चुकीनं मूळ युक्तिवाद पडत नाही. इंधन कुठलं यावरून तारीख ठरते, दिशा ठरत नाही.

दिशेलाच आव्हान दिलं रँकिन या स्कॉटिश अभियंत्यानं, आणि तेही १८५२ मध्येच. त्याची कल्पना अशी : ताऱ्यांमधलं माध्यम कुठेतरी संपत असेल, तर त्या कडेवरून उष्णतेचे किरण परततील, एखाद्या बिंदूत एकवटतील आणि विझलेला तारा तिथे आला की पुन्हा पेटेल. ऐकायला गोड आहे. क्लॉसियसनं १८६४ मध्ये त्याचा निकाल लावला. किरण कितीही एकवटले तरी ते ज्या पृष्ठभागावरून निघाले त्याच्याहून जास्त तापमान ते देऊ शकत नाहीत. आपण भिंगानं कागद जाळतो, पण जगातलं सर्वांत मोठं भिंग घेतलं तरी कागद सूर्याच्या पृष्ठभागाच्या ५८०० केल्विनपलीकडे तापणार नाही. तसं झालं असतं तर थंडाकडून गरमाकडे उष्णता फुकट वाहिली असती. भाषणानंतर “आरसे लावले तर?” असा प्रश्न कोणीतरी विचारतंच. त्याचं उत्तर हे.

बोल्ट्झमन या ऑस्ट्रियन भौतिकशास्त्रज्ञानं १८७७ मध्ये एन्ट्रॉपीचा संबंध शक्यतांच्या मोजदादीशी जोडला, तेव्हा नियम ‘अटळ’चा ‘अतिशय संभाव्य’ झाला. त्यातून मोठे वाद निघाले. ते इथे बाजूला ठेवतो, कारण छताचा प्रश्न त्यानं सुटला नाही.

तो बदलला विसाव्या शतकात, दोनदा. १९२९ च्या हबलच्या निरीक्षणांनंतर विश्व प्रसरण पावतं हे मान्य होत गेलं. म्हणजे डबाच मोठा होतोय आणि छत वर सरकतंय. एन्ट्रॉपी वाढते, पण जास्तीत जास्त किती होऊ शकते ती मर्यादा तिच्याहून वेगानं वाढली, तर कमाल कधीच गाठली जाणार नाही. त्यातच गुरुत्वाकर्षणानं जुनं चित्र उलटं केलं. डब्यातला वायू पसरतो तेव्हा एन्ट्रॉपी वाढते, पण आकाशातला वायू गोळा होतो तेव्हा वाढते. तारा उष्णता गमावून आकसतो आणि आणखी तापतो, आपल्या चहाच्या अगदी उलट. सगळं कोमट आणि एकसारखं होणं हा हेल्महोल्ट्झचा शेवट म्हणूनच जसाच्या तसा घेता येत नाही. एकसारखी अवस्था तर सुरुवातीला होती. आज ज्ञात विश्वातली बहुतेक एन्ट्रॉपी कृष्णविवरांत आहे.

मग १९९८ मध्ये दूरच्या अतिनवताऱ्यांवरून, म्हणजे स्फोट होणाऱ्या ताऱ्यांवरून, कळलं की प्रसरणाचा वेग वाढतोय. हा वेग असाच वाढत राहिला, तर प्रत्येक निरीक्षकाभोवती एक क्षितिज पडतं, ज्यापलीकडून कधीच काही पोचत नाही. त्या क्षितिजाला स्वतःची मर्यादित एन्ट्रॉपी असते. छत परत आलं, थॉमसनची अट वेगळ्याच वाटेनं पुरी झाली. हे सगळं ‘असाच वाढत राहिला तर’वर टांगलेलं आहे, हे भाषणात ठासून सांगणार आहे.

त्या चित्रात तारे विझतात आणि कृष्णविवरंही हॉकिंगनं १९७४ मध्ये दाखवल्याप्रमाणे किरणोत्सर्ग करत उडून जातात. सूर्याएवढ्या वस्तुमानाच्या कृष्णविवराला त्यासाठी १ वर ६७ शून्यं इतकी वर्षं लागतील. उरतं ते क्षितिजाचं तापमान, एका केल्विनचे १ वर ३० शून्यं इतके भाग केले तर त्यातल्या एखाद-दोन भागांएवढं. शून्य नाही, आणि सगळीकडे सारखंच. त्याच तापमानाची १००० ज्यूल उष्णता कुठूनतरी गोळा केली आणि कार्नोच्या सूत्रात बसवली, तर वर आणि खाली एकच आकडा येतो. एक वजा एक.