शक, विक्रम आणि इसवी सनांची एकत्र संदर्भसूची

शके, संवत आणि इसवी सन अशा वेगवेगळ्या कालगणनांतील साधने एकाच कालक्रमात लावण्याची पद्धत. प्रत्येक नोंदीत साधनावर छापलेले किंवा लिहिलेले वर्ष जसेच्या तसे ठेवतात, त्यापुढे चौकोनी कंसात इसवी सन देतात आणि क्रम मात्र कंसातल्या वर्षाने लावतात. मूळ वर्ष पुसून फक्त रूपांतर ठेवले, तर पुढच्या अभ्यासकाला चूक पकडायला काही उरत नाही.

‘शके अधिक ७८’ हे सूत्र सर्वांना पाठ असते, पण ते चैत्रापासून ३१ डिसेंबरपर्यंतच चालते. १ जानेवारीपासून फाल्गुनाच्या अखेरीपर्यंत ७९ मिळवावे लागतात. शिवजन्माची तिथी फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१. यात ७८ मिळवले तर १६२९ येते. खरे वर्ष १६३०. पडताळ्यासाठी संवत्सराचे नाव उपयोगी पडते. दक्षिणेकडील गणनेत शकात १२ मिळवून ६० ने भागावे; १५६३ ला भागल्यावर बाकी ३, म्हणजे तिसरे संवत्सर शुक्ल. साधनात दुसरेच नाव असेल तर आकडा वाचण्यात किंवा नकलताना गफलत झाली असावी. या तिथीची १९ फेब्रुवारी ही तारीखही जुन्या, म्हणजे ज्युलियन पद्धतीची आहे. ग्रेगरियन पद्धतीने ती १ मार्च होते. सूचीत कोणती पद्धत वापरली ते एकदा सुरुवातीला सांगणे पुरते.

मुखपृष्ठावर ‘शके १८०८’ एवढेच असेल, महिना नसेल, तर [१८८६-८७] असे लिहावे. एकच वर्ष लिहिले की सूची नीटस दिसते, पण तो नीटसपणा खोटा असतो. क्रमासाठी पहिले वर्ष धरतात.

संवताला आणखी एक गाठ आहे. उत्तरेत संवत चैत्रात बदलतो, गुजरातेत कार्तिकात. त्यामुळे संवत १९४३ मधला श्रावण उत्तरेच्या गणनेत १८८६ चा, गुजराती गणनेत १८८७ चा. प्रकाशनस्थळ पाहिल्याशिवाय हा निर्णय करू नये. मुंबईत छापलेल्या गुजराती पुस्तकाला मराठी पुस्तकाचा नियम लावणे ही नेहमीची चूक.

‘शके’ हा शब्द गळला तर १८०८ हा आकडा इसवी सन म्हणूनही खपून जातो आणि पुस्तक ७८ वर्षे मागे सरकते.

१९५७ नंतरच्या सरकारी कागदांवरचा शक राष्ट्रीय पंचांगाचा, सौर. त्यातला ‘श्रावण २४, शके १९४५’ म्हणजे १५ ऑगस्ट २०२३. पक्षाचा उल्लेख नाही आणि आकडा १५ च्या वर, ही त्याची खूण. त्याला तिथी समजून जुन्या पंचांगात शोधू नये.